एक गवंडी, एक दिवस, दहा चौरस मीटर

घराचे बांधकाम प्लास्टरपर्यंत आले की मालकाच्या हातात एक आकडा पडतो. "आतलं प्लास्टर फुटाला बत्तीस रुपये, मालासकट." शेजारच्या गल्लीत हाच आकडा अठ्ठावीस असतो, मेहुण्याच्या गावी छत्तीस. मालक घासाघीस करून तो तीसवर आणतो आणि आपण दोन रुपये वाचवले असे समजतो. त्या बत्तीस रुपयांत सिमेंट किती, वाळू किती आणि गवंड्याचा वेळ किती, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारले तर ठेकेदारही बहुधा हसतो, कारण त्याने दर काढलेला नसतो, मागच्या कामावरून उचललेला असतो.

दर मोडून बघण्याची रीत सरकारी बांधकाम खात्यांत रोजच्या वापरातली आहे. तिला दरपृथक्करण म्हणतात. एका ठरावीक मापाच्या कामाला कोणता माल किती लागतो आणि कोणत्या माणसाचे किती दिवस जातात, हे आधी मांडायचे. बाजारभाव आणि मजुरी त्यानंतर लावायची. सिमेंटचा भाव दर हंगामाला हलतो, मजुरी दिवाळीनंतर वाढते. पण दहा चौरस मीटर भिंतीला किती माल बसतो आणि गवंड्याचा हात किती वेळ चालतो, हे फारसे बदलत नाही. म्हणून रुपयांना हात सगळ्यांत शेवटी लावायचा. यासाठी लागणारे गणित गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही.

आपण घरातले नेहमीचे प्लास्टर घेऊ. विटांची भिंत, आतली बाजू, १२ मिलिमीटर जाडी, एक भाग सिमेंटला पाच भाग वाळू. माप दहा चौरस मीटरचे. खात्यातही गिलाव्याचे पृथक्करण दहा चौरस मीटरवर करतात, आणि आपल्याकडच्या गवंड्यालाही ते जवळचे आहे, कारण शंभर चौरस फुटांचा त्याचा ब्रास म्हणजे ९.२९ चौरस मीटर. (वाळूचा ब्रास वेगळा, तो शंभर घनफुटांचा, म्हणजे २.८३ घनमीटर. बिलात दोन्ही शेजारी आले की गोंधळ उडतो.)

आधी माल. दहा चौरस मीटरला १२ मिलिमीटरने गुणले की ०.१२ घनमीटर येतात. पण भिंत काचेसारखी सपाट नसते. विटांच्या सांध्यांत माल जातो, खोलगट जागा भरतात, थोडा खाली सांडतो. त्यासाठी पाचवा हिस्सा वाढवून ०.१४४ घनमीटर ओला माल धरतात. आता हा ओला माल कोरड्या सिमेंट-वाळूपासून बनवताना आकाराने घटतो, कारण वाळूच्या कणांमधल्या पोकळ्यांत सिमेंट आणि पाणी शिरते. म्हणून कोरडा माल सुमारे एक-तृतीयांशाने जास्त घ्यावा लागतो, म्हणजे ०.१९ घनमीटर. त्याचे सहा भाग केले तर एक भाग सिमेंट ०.०३१७ घनमीटर होते. पन्नास किलोची गोणी ०.०३४७ घनमीटर भरते, तेव्हा हे झाले ०.९१ गोणी. उरलेले पाच भाग वाळू, ०.१५८ घनमीटर.

एवढे गणित लक्षात ठेवायची गरज नाही. त्याचे सार इतकेच की १२ मिलिमीटर जाडीला आणि एकास पाच प्रमाणाला एक गोणी सुमारे ११ चौरस मीटर भिंत झाकते. हा एक आकडा पुढे फार उपयोगी पडणार आहे.

आता दिवस. इथेच दराचा खरा जीव आहे.

सकाळी गवंडी येतो तेव्हा भिंत आदल्या दिवशी पाणी मारून ठेवलेली हवी. तो ओळंबा सोडतो, दोऱ्या बांधतो, भिंतीवर जागोजाग मालाचे ठिपके लावून जाडी ठरवतो. त्या ठिपक्यांना जोडणारे उभे पट्टे भरतो. मग थापीने माल मारत दोन पट्ट्यांमधली जागा भरून काढतो, अॅल्युमिनियमच्या पट्टीने ओढून सारखी करतो. माल जरा आवळला की रंधा फिरवतो. शेवटी कोपरे, खिडकीच्या कडा, जमिनीलगतची पट्टी. यातले माल मारण्याचे काम झपाट्याचे असते. वेळ खातात ते सुरुवातीचे ठिपके आणि शेवटच्या कडा. या सगळ्यासकट घरगुती कामात एक चांगला गवंडी दिवसाला सुमारे दहा चौरस मीटर उरकतो. म्हणजे दहा चौरस मीटरला गवंड्याचा एक दिवस.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर विश्लेषणात याच जाडीला सुमारे दोन-तृतीयांश दिवस धरला आहे, म्हणजे दिवसाला पंधरा चौरस मीटर. तो आकडा चुकीचा नाही. मोठ्या इमारतीत लांब सलग भिंती असतात, माल कालवण्याची मजुरी तिथे मालाच्या दरात वेगळी धरलेली असते आणि टोळीला एका खोलीतून दुसरीत जाताना वाट पाहावी लागत नाही. दोन खोल्यांच्या घरात तो आकडा लावला तर ठेकेदार बुडेल. त्याच तक्त्यात पाणी वाहणाऱ्याची, भिश्तीची, वेगळी नोंद अजून आहे आणि ती जवळजवळ अख्ख्या दिवसाची आहे. नळी आणि पंप आल्यावर हे काम बिगाऱ्याच्याच वाट्याला आले, पण कागदावर भिश्ती टिकून आहे.

बिगारी किती धरायचे? दोन गवंड्यांची टोळी घेतली तर एक माणूस माल कालवायला आणि दोघे प्रत्येकी एका गवंड्याला घमेली पोहोचवायला, परांची सरकवायला, खाली पडलेला माल उचलायला. म्हणजे एका गवंड्यामागे दीड बिगारी. ही उधळपट्टी वाटते आणि मालक इथेच पहिली काटछाट सुचवतो. करून पाहू. गवंड्याची हजेरी १,००० रुपये आणि बिगाऱ्याची ७०० धरली, तर दोन गवंडी आणि तीन बिगारी यांचा दिवस ४,१०० रुपयांचा. काम वीस चौरस मीटर, म्हणजे मीटरला २०५ रुपये. एक बिगारी कमी केला तर दिवस ३,४०० रुपयांत पडतो, पण गवंडी मालाची वाट पाहत उभा राहतो. काम वीसवरून सोळावर आले की मजुरी मीटरला २१२ रुपये होते. सातशे रुपये वाचवून काम महाग झाले, आणि दोन दिवसांचे अडीच दिवस झाले. भरीला पाणी घातलेला माल तासाभरात भिंतीवर जायला हवा. माणसे अपुरी असली की तो घमेल्यात आवळतो, त्यात पुन्हा पाणी ओतले जाते, आणि असा माल पुढे भुसभुशीत निघतो.

मजुरीचे सूत्र इथे तयार झाले आहे. टोळीचा दिवसाचा खर्च भागिले टोळीचे दिवसाचे काम. तुमच्या गावची हजेरी वेगळी असेल तर वरचा आकडा बदला. पद्धत तीच राहते.

आता रुपये लावू. सिमेंट गोणीला ३८० रुपये आणि धुतलेली क्रश सँड ब्रासला सुमारे ५,६०० रुपये, म्हणजे घनमीटरला अंदाजे २,००० रुपये असे धरले आहे. हे भाव उदाहरणापुरते आहेत, वाचकाने आपल्या दुकानदाराचे घालावेत. दहा चौरस मीटरचा कागद असा दिसेल:

सिमेंट ०.९१ गोणी: ३४६ रुपये
वाळू ०.१५८ घनमीटर: ३१६ रुपये
गवंडी १ दिवस: १,००० रुपये
बिगारी १.५ दिवस: १,०५० रुपये
आठवडाभर पाणी मारणे, बिगाऱ्याचा दहावा हिस्सा दिवस: ७० रुपये
परांची, हत्यारे, किरकोळ: ८० रुपये
एकूण: २,८६२ रुपये

केंद्रीय खात्याच्या रीतीने यावर पाण्यासाठी एक टक्का आणि त्यावर ठेकेदाराचा वरखर्च व नफा म्हणून पंधरा टक्के चढवले की बेरीज ३,३२४ रुपये होते. मीटरला सुमारे ३३२, फुटाला ३१ रुपयांच्या जरा आत. जीएसटी लागू असेल तर तो वेगळा. तेव्हा बत्तीस रुपये मागणारा ठेकेदार लुटत नव्हता.

या कागदाकडे आता जरा निवांत पाहू. २,८६२ रुपयांपैकी सिमेंट आणि वाळू मिळून ६६२ रुपये, म्हणजे चौथ्या हिश्शाहूनही कमी. बाकी जवळजवळ सगळी मजुरी. साइटवर मालकाची नजर मात्र कायम गोण्यांवर असते. सिमेंट कमी घातले का, एकास पाच म्हणून एकास सहा लावले का, हीच धास्ती. प्रमाण बदलल्याने पैसा किती हलतो? एकास सहा केले तर मीटरला चार रुपये वाचतात. एकास चार केले तर साडेपाच रुपये वाढतात. दोन टोकांमधले अंतर फुटाला एक रुपयाच्या आसपास. ठेकेदाराला चोरी करून यात काही सुटत नाही, आणि मालकाने 'जरा सिमेंट जास्त टाका' म्हटल्यानेही भिंत उत्तम होत नाही. उलट सिमेंट जास्त झालेला माल वाळताना जास्त आक्रसतो आणि त्याला केसासारख्या बारीक भेगा जाळीसारख्या पडतात. प्रमाण नीट असावे ते टिकण्यासाठी. खर्चाची गोष्ट निराळीकडे आहे.

ती दिवसात आहे. आठ तासांच्या दिवसातले दोन तास वाया गेले तर दहा चौरस मीटरचे साडेसात होतात आणि मजुरी २०५ वरून २७३ रुपयांवर जाते. मीटरला ६८ रुपये, म्हणजे सिमेंटच्या प्रमाणाने होणाऱ्या फरकाच्या कितीतरी पट. आणि हे दोन तास जातात तरी कशात? भिंतीवर आदल्या संध्याकाळी पाणी मारलेले नव्हते. वाळूचा ट्रॅक्टर अकराला आला. काँक्रीटच्या बीमला टाचे मारलेले नव्हते, ते सकाळी मारत बसले. इलेक्ट्रिशियनच्या झिऱ्या अर्ध्या राहिल्या होत्या. चौकटी बसवलेल्या नव्हत्या. यातले एकही काम गवंड्याचे नाही आणि एकाचीही नोंद बिलात दिसत नाही. रोजंदारीवर काम असेल तर हे पैसे सरळ मालकाचे जातात. उक्ते दिले असेल तर ठेकेदाराचे जातात, आणि तो ते कडा उरकून आणि पाणी मारणे टाळून भरून काढतो.

दुसरी जागा आहे जाडी. कागदावर १२ मिलिमीटर असते. भिंतीवर ती किती पडणार हे प्लास्टरवाल्याच्या आधी येऊन गेलेल्या माणसाने, वीटकाम करणाऱ्याने, ठरवलेले असते. साडेचार इंची भिंतीची एक बाजू दोरीत येते, दुसरी विटेच्या लांबी-रुंदीतल्या फरकाने ओबडधोबड राहते. म्हणूनच अशा खडबडीत बाजूला सरकारी दरसूचीत १२ ऐवजी १५ मिलिमीटरची वेगळी बाब असते. भिंत ओळंब्यात नसेल तर गोष्ट आणखी पुढे जाते. वर दहा मिलिमीटर आणि खाली तीस, अशी सरासरी वीस होते.

वीस मिलिमीटरचा हिशेब मांडला की सिमेंट ०.९१ ऐवजी १.५३ गोणी लागते आणि वाळू ०.१५८ ऐवजी ०.२६६ घनमीटर. फक्त माल मीटरला ४५ रुपयांनी वाढला. शिवाय एवढा जाड माल एका हातात मारला तर तो आपल्याच वजनाने खाली सरकतो किंवा भिंतीपासून सुटतो, म्हणून दोन हातांत करावा लागतो. त्यामुळे दिवसाचे काम दहावरून आठवर आले असे धरले, तर मजुरी आणखी ५१ रुपयांनी चढते. वरखर्चासकट मीटरचा दर ३३२ वरून साधारण ४४४ रुपयांवर जातो. फुटाला ३१ चे ४१. घासाघीस करून वाचवलेले दोन रुपये वाकड्या भिंतीने पाच वेळा खाल्ले.

आता एक खोली घेऊ, म्हणजे हे आकडे जमिनीवर येतील. खोली ३.६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, उंची २.८५ मीटर. छत वेगळे ठेवू, कारण मान वर करून केलेल्या कामाचा वेग निराळा असतो आणि हल्ली तिथे थेट जिप्सम लावण्याची पद्धतही आहे. चार भिंतींची लांबी १३.२ मीटर. उंचीने गुणले की ३७.६२ चौरस मीटर. एक दरवाजा ०.९ बाय २.१, म्हणजे १.८९ चौरस मीटर. एक खिडकी १.५ बाय १.२, म्हणजे १.८.

ही भोके वजा करायची की नाही यावर साइटवर भांडणे होतात. ती मिटवायला मापनाचे भारतीय मानक, आयएस १२०० चा भाग १२, उपयोगी पडतो. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायची नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतच्या जागेची वजावट भिंतीच्या एकाच बाजूला करायची, दुसऱ्या बाजूला नाही, आणि त्या बदल्यात चौकटीच्या बगला, वरची आणि खालची बाजू यांचे वेगळे माप द्यायचे नाही. तीन चौरस मीटरच्या वर गेले की दोन्ही बाजूंना वजावट आणि बगलांचे माप वेगळे. यामागचा विचार सरळ आहे. खिडकीच्या जागी प्लास्टर लागत नाही हे खरे, पण तिच्या बगला आणि कडा करायला गवंड्याचा जो वेळ जातो, त्याची भरपाई एका बाजूच्या न कापलेल्या मापातून होते.

आपल्या खोलीच्या वाट्याला दोन्ही बाजूंमध्ये विभागून अर्धी वजावट आली असे धरू. मग १.८५ वजा जाऊन ३५.७७ चौरस मीटर उरतात. ठेकेदाराने काहीच वजा केले नाही तर ३३२ च्या दराने या एका खोलीत ६१४ रुपयांचा फरक पडतो. आणि मालकाने दोन्ही बाजूंना पूर्ण भोके कापून वर बगलांचेही पैसे नाकारले, तर तेवढ्याच रकमेचा अन्याय दुसऱ्या दिशेने होतो. दर कितीही घासला तरी माप कसे घेणार हे ठरलेले नसेल तर तो दर अर्धवट आहे.

३५.७७ चौरस मीटरला गवंड्याचे ३.६ दिवस आणि बिगाऱ्यांचे ५.४ दिवस. दोन गवंडी, तीन बिगारी असतील तर दोन दिवसांत खोली हातावेगळी होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर थोडा वेळ उरतो. सिमेंट ३.२६ गोण्या, वाळू ब्रासच्या पाचव्या हिश्शाएवढी. खर्च सुमारे ११,९०० रुपये.

काम झाल्यावर हा कागद उलटा वाचायचा असतो. समजा खोली संपली तेव्हा कोपऱ्यात पाच रिकाम्या गोण्या निघाल्या. हिशेबाने ३.२६ हव्या होत्या. प्रमाण एकास पाचच राहिले असेल तर सरासरी जाडी १२ गुणिले ५ भागिले ३.२६, म्हणजे १८ मिलिमीटरच्या पुढे गेली. भिंत वाकडी होती हे प्लास्टर झाल्यावरही गोण्या सांगतात. उलट गोण्या दोनच निघाल्या तर चिंता करायची. एकतर जाडी आठ मिलिमीटरच्या खाली आहे किंवा माल एकास पाचचा नाही.

या तपासणीत एक मेख आहे. वाळू ओलसर असली की फुगते. थोड्या ओलीने तिच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा येतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात, आकारमान पाव हिश्शाने सहज वाढते. अशी वाळू घमेल्याने मोजली तर पाच घमेल्यांत खरी वाळू चारच असते, आणि आपण न सांगता माल एकास चार होतो. त्या हिशेबाने याच खोलीला ३.९ गोण्या लागतात. मग पाच गोण्यांतून निघणारी जाडी अठरा नसून पंधराच्या आसपास येते. म्हणून पावसाळ्यात किंवा नुकत्याच धुतलेल्या वाळूवर काम झाले असेल तर भिंतीला दोष देण्याआधी वाळू पाहावी. शंका असेल तर पट्ट्याजवळच्या एखाद्या विजेच्या डब्याच्या कडेला जाडी उघडी दिसते, तिथे फुटपट्टी लावली की वाद संपतो.

कमी दराची निविदाही याच रीतीने उलगडते. फक्त मजुरीचे काम, माल मालकाचा, अशा वेळी एखादा टोळीवाला फुटाला १८ रुपये सांगतो. मीटरला ते १९४ होतात. आपल्या धरलेल्या हजेरीने एका गवंड्याचा आणि दीड बिगाऱ्याचा दिवस २,०५० रुपयांचा, त्यावर पंधरा टक्के धरले तर २,३५७. भागिले १९४ केले की कळते, या दरात घर चालवायचे तर त्याच्या प्रत्येक गवंड्याला रोज बारा चौरस मीटरच्या वर, म्हणजे १३० चौरस फूट, काम करावे लागेल. मोठा हॉल असेल तर ते जमते. लहान खोल्या, खिडक्या आणि कोनाडे असतील तर जमत नाही. मग ठिपके न लावता डोळ्यांच्या अंदाजाने माल मारला जातो, बीम आणि विटांच्या सांध्यावर जाळी ठोकली जात नाही, आणि पाणी मारायला कोणी फिरकत नाही. पहिल्या उन्हाळ्यात त्याच सांध्यावर आडवी भेग दिसते. भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकत गेलात तर जिथे प्लास्टर सुटले आहे तिथे आवाज पोकळ येतो. हा दोष गवंड्याच्या हाताचा जितका असतो तितकाच त्या १८ रुपयांचा असतो.

मूळ आकडा, एका दिवसाला दहा चौरस मीटर, जिथे चालत नाही अशा जागाही आधी ओळखून ठेवाव्यात. संडास-बाथरूमसारख्या अरुंद जागेत दोन गवंडी एका वेळी उभेच राहू शकत नाहीत, आणि दर दीड-दोन मीटरवर कोपरा येतो. तिथे दिवसाला सहा-सात चौरस मीटर झाले तरी काम चांगले समजावे. सुटे खांब आणि बीम यांच्या कडाच कडा असतात. क्षेत्रफळ थोडे आणि वेळ फार, म्हणून गवंडी तिथे फुटाचा दर न सांगता रनिंग फुटाचा सांगतो, आणि त्याचे बरोबर असते. बाहेरच्या बाजूचे सँडफेस प्लास्टर तर निराळेच काम आहे. दोन थर, एकूण वीस मिलिमीटर, एकास चार प्रमाण, आणि पहिला थर खरवडून एखादा दिवस ठेवायचा. त्यात परांची बांधणे, सोडणे, पुन्हा बांधणे. दहा चौरस मीटरला गवंड्याचा दीड ते दोन दिवस धरून चालावे आणि परांचीचा खर्च किरकोळीत न टाकता वेगळा लिहावा. आतल्या-बाहेरच्या कामाचा एकच सरासरी दर घेणे मालकाला सोयीचे वाटते. पण मग ठेकेदार आतले सोपे काम आधी उरकून पैसे उचलतो आणि बाहेरच्या कामाला त्याची माणसे मिळेनाशी होतात.

सरकारी दरसूचीतला आकडा घेऊन ठेकेदाराशी भांडायला जाऊ नये, असे माझे मत आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची त्या त्या वर्षाच्या भावांवर आणि मोठ्या कामांवर बेतलेली असते. तिच्यातून घ्यायचे ते मोजण्याचे नियम आणि मालाची प्रमाणे. दिवसांचा आकडा आपल्या साइटवर मिळवता येतो, आणि तोही सहज. पहिली खोली रोजंदारीवर करून घ्या. वहीत तीनच गोष्टी लिहा: कोण किती वेळ होते, किती गोण्या फुटल्या, आणि किती चौरस मीटर झाले. या एका खोलीच्या नोंदीवरून उरलेल्या घराचा दर काढला तर तो कोणत्याही छापील तक्त्यापेक्षा खरा असतो, कारण त्यात तुमच्या विटा, तुमची वाळू आणि तुमचाच गवंडी असतो.

आणि ठेकेदाराशी बोलणी करायच्या आधी एकदा ओळंबा आणि दोन मीटरची पट्टी घेऊन प्रत्येक भिंतीशी उभे राहा. पट्टीखाली कुठे किती फट राहते ते खडूने भिंतीवरच लिहा. मग करारात दराच्या शेजारी चार ओळी घाला: जाडी किती, प्रमाण काय, वजावट कोणत्या नियमाने, आणि सात दिवस पाणी कोण मारणार. ठरलेल्या जाडीपेक्षा भिंतीमुळे जास्त लागली तर वाढीव मालाचे आणि मजुरीचे पैसे वीटकाम करणाऱ्याच्या शेवटच्या हप्त्यातून कापले जातील, हे त्यालाही वीटकाम चालू असतानाच सांगून ठेवा.